आखेनमधले न लागलेले दही: परदेशी दुधाला विरजण कसे लावावे

जर्मनीतील आखेन शहरात शिकायला गेलेल्या माझ्या भाचीने नोव्हेंबरच्या एका सकाळी मला एक छायाचित्र पाठवले. पुण्याहून बरोबर नेलेला स्टीलचा डबा, त्यात काठोकाठ दूध आणि मधोमध बुडालेला चमचा, एवढेच त्यात होते. खाली तिने लिहिले होते, "मावशी, बारा तास झाले. चमचा उचलला की दूधच ओघळते. इथले दूधच खोटे आहे." दुग्धशाळेत माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे घरातल्या दही, लोणी, तूप यांच्या सगळ्या तक्रारी माझ्याकडे येतात. ही तक्रार मात्र मला अर्धीच खरी वाटली. दुधाचा दोष होता, पण तो दही पातळ होण्यापुरता. दही मुळीच न लागण्याचे कारण दुसरेच होते, आणि ते सापडेपर्यंत तिची तीन वेळची खटपट आणि तीन लिटर दूध वाया गेले. त्या तिन्ही वेळी नेमके काय चुकले, ते आधी सांगते. कारण त्या चुका कळल्या की पुढची कृती पाठ करावी लागत नाही.

पहिल्या वेळी तिने दुकानातले सर्वांत स्वस्त दूध आणले. ते 'हा-मिल्श' होते, म्हणजे 135 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला काही सेकंद तापवून खोक्यात बंद केलेले, महिनोन्‌महिने फ्रीजबाहेर टिकणारे दूध. त्यातही तिने 1.5 टक्के स्निग्धांशाचे निवडले होते. विरजण म्हणून घेतलेल्या दह्याच्या डब्यावर बारीक अक्षरांत 'व्हेर्मेबेहांडेल्ट' असे छापलेले होते आणि ते तिने वाचले नव्हते. या शब्दाचा अर्थ असा की दही तयार झाल्यावर ते अधिक टिकावे म्हणून पुन्हा तापवलेले आहे. अशा दह्यातले जिवाणू मेलेले असतात, त्यामुळे ते कितीही चमचे घातले तरी दुधाला विरजण लागत नाही. तापवलेल्या दह्यावर तसा उल्लेख करावा लागतो, म्हणून हा एक शब्द शोधण्याची सवय लावून घेतली की पहिली चूक कायमची टळते.

दुसऱ्या वेळी तिने साधे, बिनसाखरेचे, जिवंत जिवाणूंचे दही आणले. दूध उकळले, कोमट केले, घरी आई करते तसे करंगळी बुडवून पाहिले, चमचाभर विरजण ढवळून घातले आणि डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून ती झोपली. सकाळी काढलेले छायाचित्र याच डब्याचे होते. खोलीचे तापमान 19 अंश होते. इथे खरी मेख आहे.

आपल्या घरातले विरजण वर्षानुवर्षे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जात आलेले असते. त्यात नाना जातींचे जिवाणू एकत्र नांदतात आणि त्यांतले बरेच 25 ते 30 अंशांत खुशाल वाढणारे असतात. पुण्यात ओट्यावर ठेवलेले दही आपोआप लागते, कारण आपली खोली आणि आपले विरजण यांचे जमलेले असते. दुकानातल्या योगुर्टमध्ये मात्र प्रामुख्याने उष्णताप्रिय जिवाणू घातलेले असतात. त्यांतल्या मुख्य दोघांची शास्त्रीय नावे स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस अशी आहेत, आणि त्यांना 40 ते 45 अंशांची ऊब लागते. त्या उबेत ते चार ते सहा तासांत दूध विरजवतात, पण 19 अंशांच्या खोलीत जवळजवळ हात बांधून बसतात. म्हणजे भाचीने कृती पुण्याची केली, खोली आखेनची होती आणि विरजण तिसऱ्याच हवामानाचे होते.

करंगळीनेही तिला फसवले. थंडीतून आलेला हात स्वतःच गार असतो, त्यामुळे 34-35 अंशांचे दूधही त्याला चांगले ऊन लागते. त्यातून डबा स्टीलचा, ओटा दगडी आणि दूध अर्धाच लिटर. इतके थोडे दूध अशा ठिकाणी काही वेळातच खोलीइतके गार होते. आईच्या करंगळीचा अंदाज चुकत नाही, कारण ती करंगळी त्याच स्वयंपाकघरात वाढलेली असते. परक्या हवेत मात्र साधा डिजिटल तापमापक घ्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. दह्याच्या साहित्यात नव्याने विकत घ्यावी अशी वस्तू तेवढी एकच.

तिसऱ्या वेळी तिने ऊब देण्याचे ठरवले आणि डबा खोलीतल्या तापकाच्या पत्र्यावर ठेवला. सकाळी पाहिले तर तळाशी रवाळ, फाटल्यासारखा गोळा, त्यावर हिरवट पिवळे पाणी आणि वरच्या थरात धड दूध नाही, धड दही नाही असे काहीतरी. चमचा उचलला की त्याची लांबच लांब तार येत होती. खालून पत्र्याची आच लागल्यामुळे तळ प्रमाणाबाहेर तापला होता आणि वरचा भाग गार राहिला होता. शिवाय त्या इमारतीत रात्री तापकांची उष्णता आपोआप कमी केली जाते, तेव्हा पहाटेपर्यंत ती ऊबही गेली होती. उष्णताप्रिय जिवाणूंना हवे त्यापेक्षा कमी तापमानात रखडत वाढावे लागले की दह्याला असा चिकटपणा येण्याचा संभव वाढतो. थोडी तार असलेले आणि वासाला स्वच्छ आंबट असलेले दही खाण्यास हरकत नसते. पण रात्रभर कोमट राहूनही नीट न आंबटलेले दूध टाकून द्यावे, कारण आंबटपणा लवकर वाढला नाही तर त्यात नको ते जंतू वाढायला मोकळीक मिळते. कडवट किंवा कुजका वास, गुलाबी छटा किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर चव घेऊन पाहण्याच्या भानगडीतही पडू नये.

दूध कोणते घ्यावे

आता दुधाकडे वळू, कारण भाचीची तक्रार इथे रास्त होती. घरी तिच्या आईकडे म्हशीचे दूध येते. त्यात साधारण 6 ते 7 टक्के स्निग्धांश असतो आणि प्रथिनेही गायीच्या दुधापेक्षा जास्त असतात. जर्मनीतल्या दुकानातले दूध गायीचे, 3.5 टक्के स्निग्धांशाचे आणि सुमारे 3.4 टक्के प्रथिनांचे असते. कवडी पडेल असे दही म्हशीच्या दुधाची देणगी आहे, आणि नुसत्या गायीच्या दुधातून तशी कवडी मिळण्याची अपेक्षा ठेवू नये.

दुसरा फरक एकजीव करण्याच्या प्रक्रियेचा आहे. तिथल्या बहुतेक दुधातले स्निग्ध कण दाबाने फोडून इतके बारीक केलेले असतात की ते वर तरंगून येत नाहीत, आणि म्हणून दह्यावर आपल्याला हवी असते तशी जाड साय धरत नाही. खोक्यावर 'निश्ट होमोगेनिझिएर्ट' असे लिहिलेले दूध मिळाले, आणि ते बहुधा सेंद्रिय दुधाच्या फडताळावर असते, तर साय धरते. हा हौसेचा भाग आहे. दही लागण्याशी त्याचा संबंध नाही.

तिसरा फरक तापवण्याचा. 'फ्रिशमिल्श' म्हणून फ्रीजमध्ये ठेवलेल्या दुधाचे दोन प्रकार असतात. 'ट्राडिट्सिओनेल हेरगेश्टेल्ट' लिहिलेले दूध 72 ते 75 अंशांवर 15 ते 30 सेकंद तापवलेले असते आणि 'लेंगर हाल्टबार' लिहिलेले बहुधा त्याहून बऱ्याच अधिक तापमानाला. दह्यासाठी पहिले घ्यावे. दुसरेही चालते. हा-मिल्शचेही दही लागते, असे मी मुद्दाम सांगते, कारण ते लागतच नाही असा समज पसरलेला आहे. पण त्याची बांधणी मऊ आणि पातळ राहते, म्हणून ते वापरायचे असेल तर दूध पावडर घालणे जवळजवळ आवश्यक ठरते.

चौथ्या वेळची कृती

चौथ्या वेळी मी भाचीला फोनवर धरूनच ठेवले. तिने 1 लिटर 'ट्राडिट्सिओनेल' दूध घेतले आणि ते थंड असतानाच त्यात 3 मोठे चमचे, म्हणजे 25 ते 30 ग्रॅम, बिनस्निग्ध दूध पावडर फेटून मिसळली. पावडर गरम दुधात टाकली तर गुठळ्या होतात, म्हणून हा क्रम पाळावा. पावडरीने प्रथिने वाढतात आणि दह्याची घट्ट बांधणी मुख्यतः प्रथिनांवर अवलंबून असते. स्निग्धांशही वाढवायचा असेल तर 100 मिलिलिटर साधी क्रीम घालावी. तिथल्या फेटण्याच्या क्रीममध्ये किमान 30 टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे 3.5 टक्क्यांच्या लिटरभर दुधात ती मिसळल्यावर एकूण प्रमाण 6 टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे म्हशीच्या दुधाच्या जवळ. भाचीने पहिल्यांदा क्रीम घातली नाही. माझ्या मते तेच बरे, कारण एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशाने काय झाले ते कळत नाही.

मग तिने ते दूध जाड बुडाच्या पातेल्यात तापवले आणि उकळीच्या जरा अलीकडे, 90 अंशांच्या सुमारास, 10 मिनिटे ठेवले. ही पायरी ताज्या पाश्चराइज्ड दुधालाही गाळू नये. दूध निर्जंतुक करणे हा तिचा मुख्य हेतू नाही. दुधातील निवळीची प्रथिने या तापमानाला उलगडतात आणि केसिन या मुख्य प्रथिनाला जाऊन चिकटतात. पुढे दूध आंबटू लागले की या जोडीमुळेच दह्याची जाळी घट्ट विणली जाते आणि पाणी धरून ठेवते. नुसते कोमट करून विरजलेले दूध आणि असे तापवून विरजलेले दूध यांच्या दह्यातला फरक चमच्यालाही कळतो. विजेच्या शेगडीची तबकडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, हे भाचीला आधीच सांगून ठेवावे लागले. बटण फिरवल्याबरोबर पातेले तिच्यावरून उचलले नाही तर दूध उतू जाते किंवा खाली लागते.

तापलेले दूध 43 अंशांपर्यंत निवू द्यावे. थंड खोलीत त्याला पाऊण तास तरी लागतो. घाई असेल तर पातेले गार पाण्यात ठेवावे, पण मग तापमापक हातातून सोडू नये, कारण तापमान झपाट्याने घसरते. 50 अंशांच्या वर विरजण घातले तर जिवाणू मार खातात आणि दही लागायला फार वेळ लागतो किंवा लागतच नाही. विरजण लिटरला एक मोठा चमचा, म्हणजे 15 ते 20 ग्रॅम पुरे होते. ते आधी वाटीत दोन पळ्या कोमट दूध घालून एकजीव करावे आणि मग बाकी दुधात हलक्या हाताने मिसळावे. पुन्हा अपयश येऊ नये म्हणून भाचीने तिसऱ्या वेळी अर्धा डबा दही ओतले होते. जास्त विरजणाने दही लवकर आंबटते आणि त्याला पाणी सुटते. ऊब नसेल तर त्याने काहीही भरून निघत नाही.

ऊब टिकवण्यासाठी आम्ही पुढील युक्ती केली. विरजलेले दूध अर्ध्या अर्ध्या लिटरच्या झाकणाच्या दोन काचेच्या बरण्यांत भरले. त्या बरण्या मोठ्या पातेल्यात उभ्या केल्या आणि बरण्यांच्या गळ्यापर्यंत येईल इतके 45 अंशांचे पाणी पातेल्यात ओतले. वर झाकण ठेवून सगळे पातेले दुलईत गुंडाळले आणि पलंगावर, खिडकीपासून दूर, ठेवले. थोडे दूध पटकन निवते, पण त्याच्याभोवतीचे तीन-चार लिटर पाणी तितक्या पटकन निवत नाही, एवढेच यातले तत्त्व आहे. चार तासांनी तिने पाणी मोजले तेव्हा ते 39 अंश होते. थर्मासमध्येही दही उत्तम लागते, पण रुंद तोंडाचा थर्मास नसेल तर ते बाहेर काढताना मोडते आणि कवडीचे ताक होते. ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवण्याचा मार्गही आहे. मात्र प्रत्येक ओव्हनच्या दिव्याची ऊब वेगळी असते, त्यामुळे आधी आत पाण्याचे भांडे ठेवून दोन-तीन तासांनी त्याचे तापमान मोजावे आणि मगच दुधाचा भरवसा धरावा.

पाच तासांनी तिने बरणी किंचित तिरपी केली. दही एका तुकड्यात हलले आणि काचेपासून सुटले. हीच लागल्याची खूण. चमचा घालून पाहण्याचा मोह आवरावा, कारण मोडलेली जाळी पुन्हा जुळत नाही आणि त्या भेगेतून पाणी सुटू लागते. बरणी लगेच फ्रीजमध्ये ठेवून किमान चार तास तरी निवू द्यावी. गार झाल्यावर दही आणखी आवळते. उबेत आणखी चार तास राहिले असते तर ते आंबट झाले असते, घट्ट झाले नसते.

चव घरची का नव्हती

दही लागले, घट्टही झाले, पण दुसऱ्या दिवशी भाचीचा निरोप आला की चव दुकानातल्या योगुर्टसारखीच आहे. ते बरोबरच होते. योगुर्टच्या जिवाणूंमुळे जो वास येतो तो थोडा हिरव्या सफरचंदासारखा, तिखट ताजेपणाचा असतो. घरच्या दह्याचा लोण्याकडे झुकणारा मवाळ वास मुख्यतः कमी तापमानात वाढणाऱ्या दुसऱ्या जिवाणूंचा असतो.

यावर तिच्या आईने तोडगा काढला होता. विरजणात बुडवून सावलीत वाळवलेला स्वच्छ रुमाल पाठवायचा किंवा पुढच्या खेपेला बॅगेतून दहीच न्यायचे. रुमालाची रीत जुनी आहे आणि तिने विरजण जिवंत राहूही शकते. पण भारतासारख्या बाहेरच्या देशांतून प्रवाशाने दुग्धजन्य पदार्थ बरोबर आणण्यास युरोपीय संघात बंदी आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये, असे मी दोघींनाही सांगितले.

सुदैवाने जर्मनीतच घरच्या दह्याचा एक चुलतभाऊ मिळतो. त्याचे नाव 'डिकमिल्श', म्हणजे विरजून घट्ट झालेले दूध. त्यात मंद उबेत वाढणारे जिवाणू असतात. ते न मिळाल्यास साधे, बिनफळांचे 'बुटरमिल्श' घ्यावे, कारण त्यातलेही जिवाणू याच कुळातले असतात. दोन्ही घेताना तो 'व्हेर्मेबेहांडेल्ट' शब्द नाही ना, एवढे पाहावे. या विरजणाची रीत मात्र वेगळी आहे. दूध वरीलप्रमाणेच 90 अंशांवर तापवावे, पण 28 ते 30 अंशांपर्यंत निवल्यावर विरजण घालावे, आणि लिटरला दोन मोठे चमचे घ्यावे. 43 अंश या जिवाणूंना सोसत नाहीत, म्हणून पहिली कृती जशीच्या तशी वापरू नये. मग बरणी 22 ते 25 अंशांत ठेवली की 14 ते 20 तासांत दही लागते. 19 अंशांच्या खोलीत ती दुलईत गुंडाळून कपाटात ठेवली तरी काम भागते, फक्त वेळ वरच्या टोकाला जातो. हे दही पहिल्यापेक्षा सैल असते, कवडी तितकी टणक पडत नाही, पण साखर घालून खाल्ल्यावर भाचीने कळवले, "हे आपल्याकडचे आहे, फक्त अदमुरे वाटते." त्या बरणीला चौदाच तास झाले होते. आणखी तीन तास ठेवायला हवी होती.

आता ती दोन बरण्या पाळते. कढी, ताक आणि वाटीतले दही यांसाठी डिकमिल्शच्या विरजणाचे, आणि घाई असेल किंवा चक्का बांधायचा असेल तेव्हा योगुर्टच्या विरजणाचे. दोन्ही विरजणे एकाच बरणीत मिसळू नयेत, कारण ठेवलेल्या तापमानाला जी जात वरचढ ठरते ती दुसरीला मागे टाकते आणि चार-पाच खेपांनंतर आपण काय लावतो आहोत ते कळेनासे होते.

विरजण राखण्यासाठी नवे दही फ्रीजमधून काढल्याबरोबर, कोणाचाही चमचा लागण्याआधी, उकळत्या पाण्याने धुऊन कोरड्या केलेल्या लहान बाटलीत दोन चमचे वेगळे काढावे. विद्यार्थ्यांच्या सामायिक फ्रीजमध्ये त्यावर नाव घालून ठेवावे, नाहीतर ते कोणाच्या तरी नाश्त्यात जाते, आणि भाचीचे एकदा गेलेही. ते पाच-सहा दिवसांच्या आत वापरावे. दुकानातल्या दह्यापासून सुरू केलेल्या विरजणात मोजक्याच जाती असतात, त्यामुळे काही खेपांनी ते अधिक आंबट होते किंवा दही लागायला वेळ घेऊ लागते. नेहमी पाच तासांत लागणाऱ्या दह्याला आठ तास लागले, की ती बाटली रिकामी करून ताजा डबा आणावा.